कोड जुळला, पण कोणाचा?

गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी कॅन येतो, तेव्हा नोंदीत माणसाचं नाव सहसा लिहिलं जात नाही. लिहिला जातो त्याचा नंबर. गावात एकाच आडनावाची पंधरा घरं असतात, त्यात एकाच नावाचे दोघे-तिघे असतात आणि मागे रांग खोळंबलेली असते. म्हणून ३१ नंबर, ९ लिटर, फॅट ३.८ एवढंच टिपून पुढचा कॅन घेतला जातो.

अशा केंद्राचे १८० सभासद आहेत असं धरू. दिवसाला दोन वेळा संकलन आणि दर दहा दिवसांनी बिल. म्हणजे एका बिलासाठी ३,६०० ओळी झाल्या, आणि त्या साऱ्या नुसत्या नंबरांच्या. बँकेत पैसे जमा करायचे तर मात्र नाव लागतं, खाते क्रमांक लागतो, गाय की म्हैस हेही लागतं, कारण दोन्हींचा दर वेगळा. ही माहिती एका वेगळ्या पानावर सभासद यादी म्हणून ठेवलेली असते आणि तिथे प्रत्येक नंबराला एकच ओळ असते. कोणी बँक बदलली, तर त्या एका ओळीत बदल केला की झालं. पूर्वी सचिव एका हाताने रजिस्टर धरून दुसऱ्या हाताचं बोट यादीवरून खाली नेत आणि नाव उतरवून घेत. आज तेच बोट एक्सेलमधला एक फॉर्म्युला फिरवतो. बोट चुकलं तर माणसाच्या लक्षात यायची थोडी तरी शक्यता असे. फॉर्म्युला चुकतो तो मात्र ३,६०० ओळींत सारख्याच आत्मविश्वासाने.

आपल्या फाइलमध्ये दोन पानं आहेत असं समजा. `Nond` या पानावर रोजची नोंद आहे. त्यात A रकान्यात तारीख, B मध्ये कोड आणि पुढे लिटर, फॅट वगैरे. `Sabhasad` या पानावर यादी आहे. A मध्ये कोड, B मध्ये नाव, C मध्ये जनावर, D मध्ये खाते क्रमांक. नोंदीच्या पहिल्या ओळीत नाव आणायचं तर असं लिहितात:

```
=VLOOKUP(B2,Sabhasad!$A$2:$D$181,2,FALSE)
```

कंसात चार गोष्टी आहेत. काय शोधायचं? B2 मधला कोड. कुठे शोधायचं? यादीच्या त्या चौकटीत, आणि शोध नेहमी चौकटीच्या पहिल्या रकान्यातच होतो. सापडल्यावर काय आणायचं? त्याच ओळीतला दुसरा रकाना, म्हणजे नाव. चौथी गोष्ट म्हणजे कोड तंतोतंत जुळलाच पाहिजे का? `FALSE` म्हणजे हो, जुळलाच पाहिजे. फॉर्म्युला एकदा लिहायचा, सेलच्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढायचा, की सगळा रकाना भरतो.

ओढतानाच पहिली गडबड होते. फॉर्म्युला एक ओळ खाली गेला की त्यातले पत्तेही एक ओळ खाली सरकतात. B2 चं B3 व्हायलाच हवं. यादीची चौकट मात्र जागची हलता कामा नये, आणि `$` ही खूण त्यासाठीच असते. ती विसरली तर दुसऱ्या ओळीसाठी यादी A3 पासून सुरू होते, शंभराव्या ओळीसाठी A101 पासून. याची लक्षणं ओळखता येतात. वरच्या ओळी ठीकठाक दिसतात, खाली जावं तसे `#N/A` वाढत जातात, आणि आधी गायब होतात ते यादीत सगळ्यात वर असलेले सभासद. `#N/A` चा अर्थ एवढाच की शोधलेली किंमत यादीत सापडली नाही. लोकांना ही खूण बघवत नाही. माझ्या मते अख्ख्या शीटमध्ये तिच्याइतकं प्रामाणिक काही नसतं.

कारण खरा धोका चौथ्या जागेत आहे. `FALSE` लिहायचं राहिलं तर एक्सेल तक्रार करत नाही. ते परस्पर `TRUE` धरतं, म्हणजे अंदाजे जुळलं तरी चालेल. ही मूळ सवय आली कुठून? १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिसिकॅल्क हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम आणला, त्यातच `LOOKUP` होतं, आणि ते टप्प्यांच्या तक्त्यांना शोभेल अशा रीतीने चाले. आयकराचा तक्ता घ्या. त्यात तुमचं नेमकं उत्पन्न लिहिलेलं नसतं, टप्पे लिहिलेले असतात. तुमच्या आकड्यापेक्षा मोठा नसलेला, पण त्याच्या सगळ्यात जवळचा टप्पा शोधायचा असतो. ही रीत टप्प्यांसाठी उत्तम आहे. सभासदांच्या कोडला ती लावली की अनर्थ होतो. ३१ आणि ३२ हे टप्पे नाहीत, दोन वेगळी माणसं आहेत.

अंदाजे शोधताना एक्सेल यादी वरून खाली वाचतही नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो, आपला शब्द त्याच्या आधी येतो की नंतर ते पाहतो आणि उरलेला अर्धा भाग सोडून देतो, तसंच ते करतं. त्यासाठी यादी चढत्या क्रमाने लावलेली असावी लागते. आपली सभासद यादी मात्र आडनावांच्या क्रमाने लावलेली आहे असं समजा, आणि सोयीसाठी तिच्यात सातच कोड घेऊ. वरून खाली ते असे आहेत: १२, ४५, ७, ८८, ३१, ६०, १०४. आता ३१ शोधू. मधला, म्हणजे चौथा कोड ८८. तो ३१ पेक्षा मोठा, म्हणून खालचा अर्धा भाग बाद. खरा ३१ त्याच भागात होता, तोही गेला. वर उरले १२, ४५, ७. त्यांतला मधला ४५, तोही मोठा, म्हणून आणखी वर. उरला १२. तो ३१ पेक्षा लहान आहे, आणि उत्तर म्हणून तोच येतो. ३१ नंबरवाल्याच्या दुधापुढे १२ नंबरवाल्याचं नाव लागलं, आणि पुढच्या रकान्यात त्याचंच खातं. `#N/A` नाही, लाल खूण नाही, काही नाही. याच यादीत १०४ शोधला तर मात्र उत्तर बरोबर येतं. काही ओळी बरोबर आणि काही चूक, त्यामुळे वरच्या दोन-चार ओळी पडताळून समाधान मानणाऱ्याला कधीच पत्ता लागत नाही.

यादी चढत्या क्रमाने लावली म्हणून सुटका होत नाही. कोणी ३१ च्या जागी ३२ टाइप केला आणि ३२ नंबरचा सभासद यादीतच नसेल, तर अंदाजे शोध गुपचूप ३१ चं नाव देतो. म्हणून कोड जुळवायचा असेल तेव्हा `FALSE` हवंच. काही जण त्या जागी `0` लिहितात. तेही चालतं.

आता उलट तक्रार. यादीत ७ आहे, नोंदीत ७ आहे, डोळ्यांना दिसतोय, तरी `#N/A`! बहुतेक वेळा कारण असं असतं की एक ७ हा आकडा आहे आणि दुसरा ७ हे अक्षर आहे. संकलन यंत्रातून काढलेल्या फाइलमध्ये कोड पुष्कळदा मजकूर म्हणून येतात, कधी पुढे शून्यं लावून `007` असे. यादी हाताने टाइप केलेली असते, तिथे तो साधा आकडा असतो. एक्सेलच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू. ओळखायची खूण सोपी आहे. सेलची मांडणी कोणी बदलली नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. मजकूर म्हणून ठेवलेल्या आकड्याच्या कोपऱ्यात बहुधा हिरवा त्रिकोणही दिसतो. शंका असेल तर शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये `=ISNUMBER(B2)` लिहून पाहावं. तरीही कोडं सुटलं नाही, तर `=LEN(B2)` लिहून अक्षरं मोजावीत. दिसतात तीन आणि मोजणी चार आली, तर शेवटी एक रिकामी जागा लपलेली आहे. ती `TRIM` ने निघते. वेब पेजवरून उचललेल्या मजकुरात कधी वेगळ्याच जातीची रिकामी जागा येते, ती `TRIM` लाही दाद देत नाही आणि तिला `SUBSTITUTE` वापरून घालवावं लागतं.

माझा सल्ला असा की कोड दोन्हीकडे मजकूर म्हणूनच ठेवावेत. ३१ आणि १०४ यांची बेरीज कोणी करत नाही, मग ते आकडे असण्याची गरज काय? रकान्याला आधी `Text` हा प्रकार द्यायचा आणि मग भरायला घ्यायचं. आधी भरून नंतर प्रकार बदलला तर आत असलेले आकडे आकडेच राहतात.

खाते क्रमांकाच्या बाबतीत तर हे पाळायलाच हवं. एक्सेल आकडा म्हणून फक्त १५ अंक जपतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. असा क्रमांक साध्या रकान्यात टाकला की सोळावा अंक शून्य होतो आणि सुरुवातीला शून्य असेल तर तेही उडून जातं. हे यादी भरतानाच घडून गेलेलं असतं. नंतर फॉर्म्युला कितीही अचूक असला तरी तो बिघडलेलाच क्रमांक इमानदारीने आणून देतो. नंतर प्रकार बदलल्याने हरवलेला अंक परत येत नाही, पासबुक पुन्हा मागवावं लागतं.

यापुढची चूक महिनोन्‌महिने नीट चाललेल्या फाइलमध्ये होते. खाते क्रमांक आणण्यासाठी आपण फॉर्म्युल्यात ४ लिहिलं होतं, म्हणजे चौकटीतला चौथा रकाना. एक दिवस कोणीतरी यादीत नाव आणि जनावर यांच्या मध्ये मोबाइल नंबराचा रकाना घातला. चौकट आपोआप रुंद झाली, पण ४ हा हाताने लिहिलेला आकडा होता, तो ४ च राहिला. आता चौथ्या रकान्यात जनावर आलं. खात्याच्या जागी ‘म्हैस’ दिसलं तर निदान हसून दुरुस्त तरी करता येईल. पण मोबाइलचा रकाना जनावरानंतर घातला असता तर खात्याच्या जागी मोबाइल नंबर आला असता. दहा अंक, दिसायला खाते क्रमांकासारखेच.

याला जुना आणि पक्का उपाय म्हणजे शोधणं आणि आणणं ही दोन कामं वेगळी करणं:

```
=INDEX(Sabhasad!$D$2:$D$181,MATCH(B2,Sabhasad!$A$2:$A$181,0))
```

`MATCH` कोड यादीत कितव्या ओळीत आहे ते सांगतं, `INDEX` खात्यांच्या रकान्यातून तेवढीच ओळ उचलतं. मध्ये रकाना घातला तर D चा पत्ता आपोआप E होतो, मोजायला काही उरत नाही. कोडचा रकाना नावाच्या उजवीकडे असला तरीही हे चालतं. `VLOOKUP` ला डावीकडे बघता येत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेलं `XLOOKUP` हेच काम थोडक्यात करतं, आणि त्यात न सांगता तंतोतंत जुळणीच धरली जाते. चाळीस वर्षांची जुनी सवय अखेर सुटली म्हणायची. मात्र केंद्रावरच्या संगणकात एक्सेल २०१० किंवा २०१३ असेल तर तिथे `#NAME?` दिसेल, कारण त्या आवृत्तीला हे नावच ठाऊक नाही.

एकच कोड यादीत दोनदा असेल, तर हे सगळे फॉर्म्युले वरून पहिला सापडेल तो घेतात. सोडून गेलेल्या सभासदाचा नंबर नव्याला दिला आणि जुनी ओळ खोडायची राहिली, तर पैसे जुन्याच्या खात्यात जातात. यादीच्या शेजारी `=COUNTIF($A$2:$A$181,A2)` खाली ओढून १ पेक्षा मोठा आकडा कुठे येतो ते पाहायला फार वेळ लागत नाही.

`#N/A` नको म्हणून पुष्कळ जण फॉर्म्युल्याला `IFERROR` चं वेष्टण घालतात आणि चूक आली तर शून्य किंवा रिकामी जागा दाखवतात. शीट देखणी होते. पण न सापडलेल्या सभासदाचं दूध हिशोबातून निघून जातं आणि कोणाला कळतही नाही. वेष्टण घालायचंच असेल तर `IFNA` वापरावं आणि त्यात ‘कोड तपासा’ असे शब्द लिहावेत. `IFERROR` सगळ्याच प्रकारच्या चुका झाकतं, फॉर्म्युल्याचं नाव चुकीचं लिहिलं असेल तर तीसुद्धा.

अंदाजे जुळणीवर मी एवढा वेळ टीका केली, पण याच फाइलमध्ये तिचं एक हक्काचं काम आहे. ते म्हणजे दरपत्रक. फॅटप्रमाणे दर बदलतो. समजा गायीच्या दुधाला ३.२ फॅटला ३२.१०, ३.३ ला ३२.४०, ३.४ ला ३२.७० रुपये, म्हणजे पॉइंटला ३० पैसे. (खरं दरपत्रक फॅट आणि एसएनएफ अशा दोन्हींवर आडवं-उभं असतं आणि त्यासाठी दोन `MATCH` लागतात. इथे एक बाजू पुरे.) यंत्राने ३.३६ दाखवलं तर ३.३ चा दर द्यायचा, म्हणजे खालचा टप्पा. इथे `TRUE` च हवं, तक्ता चढत्या क्रमाने हवा आणि तो नेहमी तसाच असतो.

तरी एक खाच आहे. दरपत्रकातले फॅटचे आकडे भरताना कोणी ३.० लिहून खाली `=A2+0.1` ओढलं, तर ३.१ आणि ३.२ ठीक येतात. पण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो आणि ०.१ त्याला पूर्ण अचूक साठवता येत नाही. तिसऱ्या बेरजेला जे ३.३ दिसतं ते खरोखर ३.३ पेक्षा किंचित मोठं असतं. फरक दशांशचिन्हानंतरच्या सोळाव्या घरात असतो, पडद्यावर कधीच दिसत नाही. नोंदीतला टाइप केलेला ३.३ त्याच्यापेक्षा लहान ठरतो, आणि टप्पा मिळतो ३.२ चा. पुढेही तेच. वेळेला १० लिटर दूध घालणाऱ्याचे दर वेळी ३ रुपये, दहा दिवसांच्या वीस वेळांचे ६० रुपये असे कमी होतात. म्हणून तक्त्यातले आकडे टाइप करावेत, किंवा बेरीज `=ROUND(A2+0.1,1)` अशी करावी.

बिल काढून झाल्यावर एक काम उरतं आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जातं. फॉर्म्युला जिवंत असतो. ११ तारखेला दर बदलला आणि दरपत्रकात नवे आकडे लिहिले, की १ ते १० तारखेच्या जुन्या ओळीही नव्या दराने हिशोब करू लागतात. सभासदाने खातं बदललं की गेल्या वर्षीच्या नोंदीतही नवं खातं दिसतं. लेखापरीक्षकासमोर छापील बिल वेगळं आणि फाइल वेगळी, अशी वेळ येते. म्हणून बिल पक्कं झालं की ते रकाने निवडून कॉपी करायचे आणि `Paste Special` मधून `Values` निवडून त्याच जागी चिकटवायचे. फॉर्म्युले जातात, आलेली उत्तरं कायम होतात.

त्याआधी एक पडताळणी करून घ्यावी. सभासद यादीच्या शेजारी प्रत्येक कोडचे एकूण लिटर `SUMIF` ने काढावेत आणि त्या सगळ्यांची बेरीज नोंदीतल्या एकूण लिटरशी ताडून पाहावी. यादीच्या बाजूने बेरीज कमी भरली, तर जेवढी तूट तेवढं दूध यादीत नसलेल्या कोडवर पडलेलं आहे. जास्त भरली तर यादीत कोणाचा तरी कोड दोनदा आहे. ३१ च्या जागी १३ टाइप झाला असेल आणि १३ नंबरचाही सभासद असेल, तर मात्र बेरीज चोख जुळते, फॉर्म्युला चोख चालतो आणि दूध १३ च्या नावावर जातं. ती चूक पकडायची जागा शीटमध्ये नाही, काउंटरवर आहे. म्हणून पावतीवर कोडबरोबर नावही छापलेलं असावं, आणि रिकामा कॅन उचलण्याआधी सभासदाने ते वाचावं.